सलाइन आधी, औषध नंतर

मे 2021. कोविडची दुसरी लाट ओसरत असतानाच महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, वाढली आणि घराघरांत एक अवघड नाव पोहोचलं: अँफोटेरिसिन बी. लायपोसोमल प्रकाराची कुपी मिळवण्यासाठी नातेवाईक शहरं पालथी घालत होते. वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने त्याच महिन्यात अँफोटेरिसिन बीचं उत्पादन हाती घेतलं. तुटवडा होता तोवर अनेक ठिकाणी जुन्या, साध्या अँफोटेरिसिनवर भागवावं लागलं. कुपी मिळाली की अर्धी लढाई जिंकली, असं तेव्हा सर्वांना वाटे. उरलेली अर्धी किडनीची होती, आणि तिच्याविषयी फारच कमी बोललं गेलं.

हे औषध बुरशीच्या पेशीभोवतीच्या आवरणाला छिद्रं पाडतं. आपल्या किडनीच्या पेशींचं आवरणही त्याच्या तावडीतून पूर्ण सुटत नाही. किडनीत रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या आवळतात, गाळणी मंदावते, आणि नलिकांतून पोटॅशियम व मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जातात. लायपोसोमल प्रकारात औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बंद असल्याने ही इजा कमी होते. टळत मात्र नाही.

म्हणूनच डोसाआधी सलाइन. साधारण अर्धा ते एक लिटर नॉर्मल सलाइन आधी दिलं, की मिठाचा पुरवठा वाढून वाहिन्यांचं आवळणं कमी होतं. आयसीएमआरच्या 2021 च्या सूचनांतही हे होतं. हृदय कमजोर असेल, पायांवर सूज असेल, तर एवढं पाणी झेपत नाही; तिथे प्रमाण डॉक्टरांनाच जोखावं लागतं. आणखी एक गोष्ट: सलाइन आधी द्यायचं, पण औषध सलाइनमध्ये मिसळायचं नाही, नाहीतर त्याचा साका बनतो. नळी 5 टक्के डेक्स्ट्रोजने धुऊन औषध डेक्स्ट्रोजमधूनच चढवतात. रुग्ण मधुमेही असला, की ‘ग्लुकोज का लावलं?’ म्हणून घरचे घाबरतात. त्यावर उपाय इन्सुलिनचा हिशेब नीट ठेवणं हा आहे, बाटली बदलणं नव्हे.

उदाहरणादाखल 60 किलो वजनाचा रुग्ण घेऊ. लायपोसोमलचा डोस किलोमागे 5 मिलिग्रॅम धरला तर दिवसाला 300 मिलिग्रॅम, म्हणजे 50 च्या सहा कुप्या. साध्या प्रकाराचा डोस किलोमागे 1 मिलिग्रॅम, म्हणजे 60. कुपी दोन्हींची 50 चीच. नावाच्या गफलतीत साध्या औषधाच्या सहा कुप्या गेल्या तर जीव जाऊ शकतो. त्यामुळे लेबल दोघांनी वाचायलाच हवं.

आता याच रुग्णाला साधं अँफोटेरिसिन सुरू आहे असं धरू. पहिल्या दिवशी क्रिएटिनिन 0.9. पाचव्या दिवशी ते 1.3 आणि पोटॅशियम 2.9, पायांत गोळे, मान उचलायलाही त्राण नाही. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलतं, त्यामुळे मधुमेह्यात घसरण आणखी वेगाने होते. ड्रिपमधून हळूहळू पोटॅशियम दिलं (ते शिरेत एकदम कधीच सोडत नाहीत, हृदय थांबू शकतं), तरी दोन दिवसांनी आकडा 3.0 वरच. इथे अनेकजण पोटॅशियमच वाढवत राहतात. मॅग्नेशियम तपासलं तर ते 1.2 निघतं, साधारण 1.7 च्या वर हवं. मॅग्नेशियम कमी असेल तर नलिका पोटॅशियम धरूनच ठेवत नाहीत. मॅग्नेशियम सल्फेट दिल्यावरच पोटॅशियम वर सरकू लागतं.

दहाव्या दिवशी क्रिएटिनिन 1.9, म्हणजे सुरुवातीच्या दुपटीहून जास्त. अशा वेळी एखादा डोस थांबवतात, सलाइन वाढवतात, किंवा मिळालं तर लायपोसोमलवर जातात. लघवी मात्र या सगळ्या काळात भरपूर होत असते, आणि ‘लघवी होतेय, म्हणजे किडनी ठीक’ हा समज इथेच घात करतो. बिघाड कळतो तो रक्ताच्या आकड्यांतूनच.

वाड्यांच्या गावांत आजारी माणसासाठी शहाळं आणि केळी आधी येतात. एका शहाळ्यातलं पोटॅशियम अशा रुग्णाच्या गळतीपुढे अपुरं पडतं. उलट क्रिएटिनिन चढलेलं असताना वरून पोटॅशियमचं सिरपही चालू असेल, तर तेच पोटॅशियम साठून हृदयाला धोका होतो. म्हणून शहाळं द्यायचं की नाही, ते त्या दिवशीचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांना विचारा.

हा उपचार आठवडे चालतो. निदान आठवड्यातून दोनदा, आणि आकडे बिघडत असतील तर रोज, क्रिएटिनिन, पोटॅशियम व मॅग्नेशियम हे तिन्ही तपासायला हवेत. नातेवाइकांनी हे आकडे तारखेसह एका वहीत उतरवून ठेवावेत, आणि रिपोर्टमध्ये मॅग्नेशियम दिसलं नाही तर ते मागून घ्यावं.