फीत ओंडक्याच्या मध्यावर लावा

मा. संपादक,

चौथाई घेराच्या नियमामुळे सागवान विकणारा शेतकरी लुबाडला जातो, हे आपल्या लेखातील विधान दिशाभूल करणारे आहे. ३ मीटर लांब, १२० सेंमी घेराचा ओंडका घ्या. घेराचा चौथा भाग ३० सेंमी; त्याचा वर्ग गुणिले लांबी, म्हणजे ०.२७ घनमीटर. प्रत्यक्षात लाकूड ०.३४४ घनमीटर भरते. ही साडेएकवीस टक्क्यांची तूट प्रत्येक गोल ओंडक्यात सारखीच असते. भाव याच मापावर ठरला असेल, तर त्यात फसवणूक कसली? लूट होते ती फीत मध्याऐवजी बारीक टोकाला लावल्याने. तिथे घेर १०८ सेंमी भरला, की माप ०.२१९ वर उतरते. लेखात याचा उल्लेखही नाही. विक्रेत्यांनी घेर मध्यावर, स्वतःसमोर मोजून घ्यावा.

— एक साग उत्पादक, चंद्रपूर