पाच गुणांचे उत्तर आणि अंतरवाली सराटी

राजकीय पक्ष, दबावगट आणि विरोधी पक्ष यांची लोकशाहीतील भूमिका, हा पाच गुणांचा प्रश्न आपली पोरे गाईडमधून पाठ करतात. आम्ही म्हणतो, गाईड बाजूला ठेवा आणि जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्याकडे बघा.

29 ऑगस्ट 2023 रोजी अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले. 1 सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि गावाचे नाव देशभर गेले. मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्रे देऊन ओबीसीतून आरक्षण द्या, ही त्यांची मुख्य मागणी. दबावगट तो हाच. त्याला सत्ता नको असते, सत्तेवर बसलेल्याकडून निर्णय हवा असतो. इतरांच्या मागणीचा हिशेब मांडणे हे त्याचे काम नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये.

जून 2024 मध्ये त्याच तालुक्यात, वडीगोद्रीला, लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे उपोषणाला बसले. त्यांची मागणी, ओबीसींच्या वाट्याला हात लावू नका. एका रस्त्यावरचे दोन मांडव, दोन्हीकडे गरीब शेतकऱ्यांची पोरे. यांच्यामध्ये तोल कोण साधणार? इथे पक्षाचे काम सुरू होते. अनेक मागण्या एकत्र करून, कोणाला काय आणि कशातून देणार हे लेखी सांगून मते मागायची, त्याला पक्ष म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या पक्षांनी मात्र दोन्ही मांडवांत जाऊन मान डोलावली.

आता विरोधी पक्ष. 20 फेब्रुवारी 2024 च्या विशेष अधिवेशनात मराठ्यांना स्वतंत्र 10 टक्के आरक्षण देणारे विधेयक एकमताने मंजूर झाले. आधीचा कायदा 5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता, त्यात पन्नास टक्क्यांची मर्यादा हा मोठा मुद्दा होता. राज्यात आधीच 52 टक्के आरक्षण, त्यात हे 10. मग हा कायदा कोर्टात टिकणार कसा, हे सरकारकडून सभागृहात वदवून घेणे विरोधकांचे काम होते. त्यांनी हात वर केले. 9 जुलै 2024 च्या सर्वपक्षीय बैठकीवर तर त्यांनी बहिष्कारच टाकला. भूमिकाच घ्यायची नसेल तर बहिष्कार सोयीचा पडतो.

परीक्षार्थींनी आणखी एक तारीख लिहावी. जरांगेंनी विधानसभेला उमेदवार देण्याची तयारी केली होती, पण 4 नोव्हेंबर 2024 रोजी माघार घेतली. दबावगट आणि पक्ष यांच्यातली सीमारेषा त्या दिवशी स्पष्ट दिसली. उमेदवार दिले असते तर जालन्यातल्या ओबीसींना, दलितांना, मुसलमानांना काय देणार, हेही सांगावे लागले असते.

त्या निवडणुकीत सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाला 288 पैकी 20 जागा मिळाल्या. विरोधी पक्षनेतेपदासाठी दहा टक्के, म्हणजे 29, जागा लागतात असे सांगितले जाते. ती प्रथा आहे.