उदरशूल : पोटाआधी नाडी

वृद्ध रुग्ण अकस्मात उदरशूल घेऊन आला की आपला हात प्रथम पोटाकडे जातो. तो आधी मनगटाकडे जावा, असे आमचे मत आहे. हे मत आम्हांस एका रुग्णेच्या हानीतून आले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

सातारा-सांगली सीमेवरील एका गावातील 72 वर्षांच्या आजी सायंकाळी 6 वाजता आमच्याकडे आल्या. दीड तासापूर्वी बेंबीभोवती एकाएकी तीव्र वेदना सुरू झाली होती. एक उलटी आणि एक जुलाबही झाला होता. आजी अक्षरशः तळमळत होत्या, परंतु पोट मऊ होते; आध्मान नाही, काठिण्य नाही. आदल्या दिवशी जत्रेतील जेवण झालेले. आम्ही अजीर्ण ठरवून शंखवटी दिली. रात्री 10 वाजता त्या परत आल्या, तेव्हा नाडी नीट पाहिली. ठोके पूर्णतः बेताल. हृदयावर मोजले तर मिनिटास 128 आणि मनगटावर जेमतेम 100. मुलास खोदून विचारले, तेव्हा हिरड्यांतून रक्त येते म्हणून वॉरफॅरिन बारा दिवसांपूर्वी घरच्या घरी बंद केल्याचे कळले.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात रक्त साकळते. तेथील गुठळी सुटून लहान आतड्याच्या मुख्य धमनीत अडकली की आतड्याची उपासमार सुरू होते. वेदना तत्काळ होते, पण उदरावरणास अद्याप दाह नसल्याने पोट मऊच लागते. पोट ताठ होणे, मलातून रक्त जाणे ही लक्षणे येईपर्यंत आतडे बहुधा मृत झालेले असते. मध्यंतरी वेदना कमी झाली तरी तिला गुण समजू नये. साधा एक्स-रे व सोनोग्राफी निर्दोष येऊ शकतात. निदान होते ते शिरेतून औषध देऊन केलेल्या सीटी अँजिओग्राफीने.

आजी सांगलीस पोहोचल्या तेव्हा मध्यरात्र उलटली होती. शस्त्रक्रियेत बरेच आतडे काढावे लागले. चौथ्या दिवशी त्या गेल्या. सायंकाळचे चार तास आमच्या हातून गेले होते.

आता आम्ही अशा रुग्णास एरंडस्नेह, बस्ती वा वेदनाशामक देऊन वाट पाहत नाही. तोंडावाटे काही न देता, रात्री सीटी चालू असलेल्या व शल्यचिकित्सक उपलब्ध असलेल्या रुग्णालयास आधी दूरध्वनी करतो. चिठ्ठीत नुसते 'पोटदुखी' न लिहिता 'नाडी अनियमित, वेदना तपासणीच्या मानाने फार अधिक, आतड्याच्या धमनीत गुठळीची शंका' असे लिहितो, रक्त पातळ करणारे औषध कधी बंद झाले तेही नोंदवितो. शंका खोटी ठरून एखादी खेप वाया जाते, हे खरे. नाडी नियमित असतानाही हा विकार होऊ शकतो, म्हणून केवळ तिच्यावरही विसंबता येत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंकडे तर ही खूण आमच्याही आधी येते. दरमहा वॉरफॅरिन नेणारे घर दोन आठवडे फिरकले नाही, आणि एके संध्याकाळी त्याच घरचा मुलगा आजीसाठी पोटदुखीची गोळी मागू लागला, तर गोळी देण्यापूर्वी एवढेच विचारावे : जुनी गोळी चालू आहे का?