मृत्युपत्रातील मुके लाभार्थी

रतन टाटा यांचे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्राचा तपशील पुढे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला, तेव्हा हजारो कोटींच्या संपत्तीपेक्षा एका छोट्या तरतुदीचीच चर्चा अधिक झाली. पाळीव प्राण्यांसाठी बारा लाख रुपयांचा निधी, त्यातून प्रत्येक प्राण्यामागे दर तिमाहीस तीस हजार रुपये, आणि टिटो या कुत्र्याचा सांभाळ जुन्या स्वयंपाक्याकडे, असे त्या वृत्तांत म्हटले होते. त्याआधी २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात एका शेतकऱ्याने आपली अर्धी मिळकत पत्नीला आणि अर्धी कुत्र्याला लिहून दिल्याचे वृत्त आले होते. वाचकांना दोन्ही बातम्या सारख्याच वाटल्या असतील. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

कुत्र्याच्या नावे जमीन लिहिता येत नाही. आपल्या कायद्यात पाळीव प्राणी हा मालमत्तेचा भाग आहे. तो मालमत्तेचा धनी होऊ शकत नाही. १८८२च्या भारतीय न्यास अधिनियमाच्या कलम ९ नुसार, मालमत्ता धारण करण्यास जो समर्थ, तोच न्यासाचा लाभार्थी होऊ शकतो. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आणि पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये समस्त प्राणिजगताला कायदेशीर व्यक्तित्व बहाल केले खरे. परंतु त्या निकालांचा रोख क्रूरता रोखण्याकडे होता. त्यांच्या आधारे एखाद्या गाईच्या नावे बँकेत खाते उघडता येईल, असे कोणी समजू नये. जलिकट्टू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ मध्ये प्राण्यांच्या मूलभूत हक्कांबाबत सावध भूमिकाच घेतली.

तेव्हा पैसा माणसाच्याच हाती द्यावा लागतो. खरी अडचण येथूनच सुरू होते, आणि ती मी प्रशासकीय सेवेत असताना जवळून पाहिली आहे.

उत्तर भारतातील एका जिल्ह्यात मी नेमणुकीवर असताना एक विवाहित स्त्री तक्रार घेऊन आली. तिच्या वडिलांनी मृत्युपत्रात दोन बैल आणि तीन लाख रुपये पुतण्याला दिले होते. मजकूर असा होता की, ही रक्कम व दोन्ही बैल पुतण्यास देतो. त्याने त्या रकमेतून बैलांचा मरेपर्यंत सांभाळ करावा. काही महिन्यांतच पुतण्याने बैल बाजारात विकले आणि रक्कम ठेवून घेतली. मृत्युपत्र नोंदणीकृत होते, साक्षीदार हयात होते, सही निर्विवाद होती. तरीही त्या बाईला सांगण्यासारखे माझ्याकडे फारसे काही नव्हते.

कारण १९२५च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे कलम १३८. एखाद्याला रक्कम पूर्णपणे, बिनशर्त दिली आणि पुढे ती अमुक रीतीने वापरावी असे नुसते सांगितले, तर घेणाऱ्याला ते सांगणे नसल्यासारखे ती रक्कम मिळते. ‘देतो’ या क्रियापदाने दान पुरे झाले. ‘सांभाळ करावा’ ही कायद्याच्या नजरेत इच्छा उरली. शिवाय बैलही त्याचेच झाले होते, आणि आपली वस्तू विकण्याचा हक्क मालकाला असतोच. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली उपासमार किंवा छळ यांसाठी त्याला जाब विचारता आला असता, विक्रीसाठी नाही.

त्या वृद्धाने काय लिहायला हवे होते? रक्कम पुतण्याला न देता दोन विश्वस्तांकडे सोपवायची. विश्वस्तांनी ती बँकेत ठेवून दर तिमाहीस ठरावीक रक्कम पुतण्याला द्यायची, पण बैल जिवंत आणि त्याच्या ताब्यात असतील तोवरच. बैल विकला, दुसऱ्याला दिला किंवा मेला, की देणे थांबेल. अशी रचना केली की लाभार्थी माणूस राहतो, बैल नव्हे. म्हणून कलम ९ आड येत नाही. आणि रक्कम बिनशर्त दिलेली नसल्यामुळे कलम १३८ चा आधार पुतण्याला मिळत नाही. विशिष्ट घटना घडताच देणगी संपुष्टात येईल अशी अट घालण्यास याच अधिनियमाची मुभा आहे.

मग उरलेली रक्कम कोणाची? हा प्रश्न बहुतेकांना सुचतच नाही, आणि सारी मेख तिथेच आहे. शिल्लक पुतण्याला मिळणार असेल, तर बैल लवकर मरण्यात त्याचा फायदा. शिल्लक मुलीला मिळणार असेल, तर बैल जगवण्यात पुतण्याचा फायदा. आणि बैल गोठ्यात आहेत की नाहीत याची चौकशी करण्याचे कारण मुलीला मिळते. ताबा मात्र तिच्याकडे नाही. सांभाळणारा आणि शिल्लक घेणारा एकच नसावा, एवढे पाळले तरी निम्मी भांडणे टळतात.

यातही एक पळवाट उरते. म्हातारा बैल मेला तर तशाच रंगाचा दुसरा आणून बांधता येतो. काळा लॅब्राडोर तर अनोळखी माणसाला दुसऱ्या काळ्या लॅब्राडोरसारखाच दिसतो. गुरांच्या कानात आता बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला लावतात. तो क्रमांक मृत्युपत्रात लिहावा. कुत्र्यासाठी त्वचेखाली मायक्रोचिप बसवून तिचा क्रमांक नोंदवावा आणि तिमाहीची रक्कम देण्यापूर्वी पशुवैद्याचा दाखला मागावा.

आता आकडा. पुतण्याच्या प्रकरणातील बैल दहा-बारा वर्षांचे होते, म्हणजे आणखी सहा-आठ वर्षे सहज जगले असते. एका जनावराला रोज शंभर रुपयांचा चारा व पेंड धरली, तर दोघांचे वर्षाला त्र्याहत्तर हजार होतात. तीन लाख रुपये व्याज सोडून जेमतेम चार वर्षे पुरले असते, तेही औषधपाणी आणि दुष्काळातील कडब्याचा भाव न धरता. रक्कम अर्ध्यावर संपणार हे सांभाळणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळते, आणि बाजाराची वाट तेव्हाच दिसू लागते. नातेवाइकांपैकी कोणावरच भरवसा नसेल, तर पांजरपोळ किंवा गोशाळा चालवणाऱ्या सार्वजनिक न्यासाला रक्कम देणे सोपे. ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्यावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला, आणि दोन वर्षांत जमशेटजी जीजीभाई आदींच्या पुढाकाराने तेथील पांजरपोळ उभा राहिला. फक्त संस्था आपले जनावर घेईल याची लेखी संमती हयातीतच मिळवावी. देणगी आनंदाने स्वीकारणारी संस्था भाकड गाईला जागा देईलच असे नाही.

मुस्लिम मृत्युपत्रकर्त्यास साधारणपणे एक तृतीयांशापलीकडे मिळकतीची विल्हेवाट लावता येत नाही, आणि हिंदू एकत्र कुटुंबात स्वतःच्या हिश्शापुरतेच लिहिता येते. तेवढे ध्यानात ठेवावे.

शेवटची गोष्ट सर्वांत साधी. मृत्युपत्र उघडेपर्यंत, वारसांच्या सह्या होईपर्यंत, प्रसंगी न्यायालयाचा दाखला मिळेपर्यंत महिने जातात, आणि बँकेतील रक्कम तोवर अडकून पडते. गाईला चारा मात्र त्याच संध्याकाळी लागतो. म्हणून सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम सांभाळणाऱ्याबरोबरच्या संयुक्त खात्यात, दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणाऱ्याने काढावी अशा अटीवर, वेगळी ठेवावी.