‘हॅलो’नंतरची शांतता

आमच्या महाविद्यालयातून मराठी घेऊन एम.ए. झालेला एक विद्यार्थी गेल्या दिवाळीत भेटावयास आला. बुलढाणा जिल्ह्यातल्या अनेक मुलांप्रमाणे तोही नोकरीसाठी पुण्यास गेला आणि एका कॉल सेंटरमध्ये लागला. विदर्भातल्या अनोळखी लोकांना फोन करून आरोग्य विमा विकावयाचा, हे त्याचे काम. “सर, विम्यातला ‘वि’सुद्धा तोंडातून निघत नाही, तोवर समोरचा फोन ठेवतो,” असे म्हणत त्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. प्रत्येक कॉलच्या आरंभी म्हणावयाची वाक्ये त्यावर छापलेली होती. “मराठी तेवढं दुरुस्त करून द्या,” ही त्याची विनंती.

कागदावरचा मजकूर असा: “नमस्कार. मी श्री. अमुक यांच्याशी बोलत आहे का? आज आपण कसे आहात? मी अमुक कंपनीकडून बोलत आहे. आपल्यासाठी आमच्याकडे एक विशेष योजना आहे. मला आपली दोन मिनिटे मिळू शकतील का?”

व्याकरणदृष्ट्या यात चूक नाही. तरीही हा मजकूर ऐकणाऱ्यास खटकतो. तो का खटकतो, हा प्रश्न आम्हांस भाषेचे अध्यापक म्हणून महत्त्वाचा वाटला. लोकांना विमा नको असतो म्हणून ते फोन ठेवतात, हे उत्तर अपुरे आहे. विम्याचा उल्लेख होण्यापूर्वीच ते फोन ठेवत असतील, तर त्यांनी नाकारलेली वस्तू विमा नसून दुसरीच काही असली पाहिजे.

पहिला खटका कागदावर दिसतच नाही. विद्यार्थ्याने सांगितले, की नंबर तो लावत नाही, यंत्र लावते. बरेच लोक फोन उचलणार नाहीत हे गृहीत धरून ते यंत्र मोकळ्या माणसांपेक्षा अधिक नंबर एकाच वेळी फिरवते आणि पलीकडे माणसाचा आवाज उमटला, की तो कॉल मोकळ्या माणसाकडे सोपवते. म्हणजे आपला ‘हॅलो’ प्रथम यंत्र ऐकते. माणूस येईपर्यंत मध्ये शांतता पसरते. अमेरिकेत २००३ सालच्या नियमांनी या शांततेस मर्यादा घातली. उचलणाऱ्याचे अभिवादन संपल्यापासून दोन सेकंदांत माणूस बोलला नाही, तर तो कॉल वाऱ्यावर सोडला असे तेथे धरले जाते. दोन सेकंद हा अवधी अल्प वाटेल. परंतु दहा भाषांतल्या संभाषणांचा जो तौलनिक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात प्रश्न आणि उत्तर यांतील सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास आढळले. त्या मापाने दोन सेकंद म्हणजे दीर्घ मौन होय.

इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६८ साली दूरध्वनी-संभाषणांच्या आरंभाविषयी एक निबंध लिहिला. फोनची घंटा ही हाक आहे आणि ‘हॅलो’ ही त्या हाकेला दिलेली ओ आहे, हे त्याचे प्रतिपादन. आपल्याकडच्या माणसास हे निराळे समजावून सांगावे लागू नये. कोणी हाक मारली, आपण ओ दिली आणि हाक मारणारा गप्प राहिला, तर आपण काय समजतो? एक तर चेष्टा, नाही तर काही भलतेच. म्हणून आपण पुन्हा ‘हॅलो?’ म्हणतो. हा दुसरा ‘हॅलो’ प्रश्नार्थक असतो आणि संशय तेथेच सुरू होतो.

त्यानंतर कागदावरचे पहिले वाक्य येते: “मी श्री. अमुक यांच्याशी बोलत आहे का?” हे इंग्रजी वाक्याचे शब्दशः भाषांतर आहे, आणि बरेचदा ते हिंदीच्या वाटेने आपल्यापर्यंत येते. परंतु भाषांतर हा यातला लहान दोष. मोठा दोष क्रमाचा आहे. आमच्या भागात अनोळखी फोन आला, की म्हातारा माणूस विचारतो, “कोन बोलून राह्यलं? कोन्या गावचे?” गाव कळले, की नाते, ओळख, निदान बाजाराचा दिवस तरी जुळवता येतो. येणाऱ्याने आपली ओळख आधी द्यावी, मग घरच्याची विचारावी, हा उंबरठ्यावरचा शिष्टाचार फोनवरही टिकून आहे. कागदावरचे वाक्य तो क्रम उलटा करते. त्याला माझे नाव ठाऊक आहे, मला त्याचे नाही. वर कबुली मीच द्यावयाची. पोलीस असल्याची बतावणी करून पैसे उकळणाऱ्यांचे फोन अलीकडे वाढले आहेत, आणि तेही नाव विचारूनच सुरू होतात. ऐकणाऱ्याचा हात लाल बटणाकडे जातो, यात नवल नाही.

“आज आपण कसे आहात?” हा प्रश्न तर आपल्याकडे ओळखीतला आहे. ‘बरं आहे’ हे त्याचे उत्तर देताना आपण नाते मान्य करतो. जे नाते नाही, ते मान्य करावयास लावणारा हा प्रश्न म्हणूनच गोड असूनही टोचतो. शेवटी दोन मिनिटे मागितली जातात, पण कशासाठी, हे तोवर सांगितलेलेच नसते.

आम्ही त्यास दुसरा मजकूर लिहून दिला: “नमस्कार. मी अमुक, मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला. पुण्याहून एका विमा कंपनीसाठी बोलतोय. आपली ओळख नाही. आरोग्य विम्याची माहिती द्यायला फोन केला आहे. ऐकायची असेल तर सांगतो, नको असेल तर तसं सांगा.” आम्ही घड्याळ लावून वाचले, दहा-बारा सेकंद लागले. यात कोण, कुठून, कशासाठी हे आधी येते आणि प्रश्न शेवटी. नकाराची वाटही आपणच दाखवलेली.

विद्यार्थ्याने कागद वाचला आणि अडचण सांगितली. प्रत्येक कॉल ध्वनिमुद्रित होतो, ठरलेले वाक्य गाळले तर गुण कापले जातात. शिवाय यंत्राची ती शांतता त्याच्या हाती नाही, आणि जाहिरातीच्या कॉलसाठी राखलेला १४० ने सुरू होणारा क्रमांक पाहून जे उचलतच नाहीत, त्यांच्यापुढे कोणतेही मराठी निरुपयोगी आहे. त्याचे म्हणणे खरे होते. आमची दुरुस्ती फार तर मधल्या काही सेकंदांपुरती होती.

तरी त्याने ती काही दिवस चोरून वापरली. महिन्याभराने त्याचा फोन आला. विक्री वाढली का, असे विचारता तो हसला, म्हणाला, “विक्री तेवढीच आहे, सर. पण लोक आता ‘नको जी, दादा’ म्हणून ठेवतात.”

आम्हांस हा फरक लहान वाटत नाही. दारावर आलेल्या बोहारणीस किंवा चादरीवाल्यास आपण ‘नको’ म्हणत होतो, पण तो शब्द तिला किंवा त्याला उद्देशून असे. त्या कागदाने ऐकणाऱ्याकडून तो शब्दच काढून घेतला होता, कारण नाकारता येईल असे काही त्याच्यापुढे ठेवलेच नव्हते. ज्याला दिवसभर फोन लावावयाचे आहेत, त्याच्या कानावर शंभर वेळा ‘नको’ पडणे आणि शंभर वेळा नुसताच खट् आवाज पडणे, या दोन निरनिराळ्या नोकऱ्या आहेत. आमच्या वर्गांतून बाहेर पडणारी कितीतरी मुले आज त्यातली दुसरी नोकरी करीत आहेत, आणि त्यांच्या हातातला कागद लिहिताना मराठी येणाऱ्या कोणास विचारलेले नाही.