‘NFC केले आहे’ हे उत्तर नव्हे

भारतीय भाषांतील ध्वनिमुद्रणांचे लिखित उतारे आज मोठ्या प्रमाणावर तयार होत आहेत. त्यांत शब्द का सापडत नाही, असे विचारले की एक ठरावीक उत्तर मिळते: ‘मजकुराचे NFC केले आहे.’ माझा आक्षेप या उत्तरालाच आहे.

NFC काय करते, हे आधी पाहू. हिंदीतील ‘पढ़ाई’मधला ढ़ एका संकेतांकाने (U+095D) लिहिता येतो किंवा ढ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. NFC दोन्हींचे दुसरे रूप करते. नुक्ता चुकून हलन्तानंतर पडला, तर तो उचलून आधीही ठेवते. मात्र तो मात्रेनंतर पडला, तर NFC त्याला हात लावत नाही.

आता मराठीतील ‘दऱ्या’ घ्या. हा शब्द तीन प्रकारे साठवलेला आढळू शकतो. पहिल्यात ऱ (U+0931) आहे. दुसऱ्यात र आणि नुक्ता आहेत. NFC त्याचे पहिले रूप करते. तिसऱ्यात र, हलन्त आणि अदृश्य जोडक ZWJ (U+200D) आहे. युनिकोडच्या 2.0 आवृत्तीशी सुसंगतता राखण्यासाठी प्रमाणकाने हे रूपही मान्य ठेवले आहे. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. परंतु NFC नंतरही तिसरे वेगळेच राहते. शोध घेतला असता कोणतीही चूक दर्शवली जात नाही, केवळ निकाल शून्य येतो. संकेतांक मोजले तरच भेद कळतो: पहिल्यात पाच, तिसऱ्यात सहा.

यावर सुचवला जाणारा दुसरा उपाय अधिक घातक आहे: सर्व जोडके पुसून टाकणे. तसे करताच तिसऱ्या रूपातील ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्यापुढे समुद्र येतो. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांचीही हीच गत. येथे जोडक ही सजावट नसून अर्थभेदाची खूण आहे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी NFC, मग र-हलन्त-जोडक या त्रयीचे ऱ-हलन्त, आणि त्यानंतरच उरलेली जोडके काढणे:

```
s = unicodedata.normalize("NFC", s)
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
s = re.sub("[\u200c\u200d]", "", s)
```

हीच प्रक्रिया शोधसूचीवर आणि विचारलेल्या शब्दावर, दोहोंवर व्हावी. मूळ उतारा मात्र अबाधित राहावा. जोडक आधीच पुसले गेले असेल, तर ‘दर्या’ मूळचा कोणता, हे कोणताही नियम सांगू शकत नाही.

हिंदीपुरते पुरेसे ठरलेले उत्तर समस्त देवनागरीसाठी पुरेसे मानणे, ही तांत्रिक अडचण नाही. ती तपासणीतील हयगय आहे.