स्पीड चाळीसचा, तरी रेल्वेच्या टायपिंगला नापास कसा?

आपल्या भागातली बरीच पोरं रेल्वेच्या एनटीपीसी भरतीत क्लार्क-टायपिस्टच्या पदापर्यंत पोचतात आणि शेवटच्या टायपिंगला अडकतात. "माझा स्पीड चाळीसचा होता, तरी काढलं," असं सांगणारा एक जण परवा आमच्या बांधावर भेटला. त्याच्यासोबतचा बत्तीस स्पीडचा पोरगा मात्र पास. घोटाळा झाला, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, आधी हिशोब तर करू.

चाचणी दहा मिनिटांची. इंग्रजीला मिनिटाला 30 शब्द लागतात, हिंदीला 25. मराठी टायपिंग तिथं चालत नाही. मार्क मेरिटमध्ये धरत नाहीत, नुसतं पास व्हायचं असतं. पण हे 30 शब्द चुका वजा जाऊन राहिले पाहिजेत, आणि सगळी मेख तिथंच आहे.

टाइप केलेल्या शब्दांच्या 5 टक्के चुका माफ असतात. त्यापुढच्या प्रत्येक चुकीला 10 शब्द कापतात. चाचणी दहा मिनिटांची असल्यानं माफीपलीकडची एक चूक म्हणजे सरळ एक स्पीड गेला. क्लासच्या कॉम्प्युटरवर बहुतेक वेळा एका चुकीला एकच शब्द कापलेला दिसतो, म्हणून पोरं गाफील राहतात.

चुकाही सारख्या नसतात. शब्द गाळला, जादा घातला किंवा भलताच टाइप केला, तर पूर्ण चूक. स्पेस कमी-जास्त पडली किंवा कॅपिटल चुकलं, तर अर्धी. यादी परीक्षेगणिक थोडी बदलते, म्हणून त्या भरतीची सूचना वाचूनच बसावं.

आता त्या पोराचं बघू. त्यानं सांगितलेले आकडे धरले तर शब्द 400, म्हणजे 20 चुका माफ. पूर्ण चुका 26 आणि अर्ध्या 12, म्हणजे एकूण 32. माफीपलीकडं राहिल्या 12. त्याचे 120 शब्द गेले, उरले 280. स्पीड झाला 28. क्लासच्या हिशोबानं हाच स्पीड 36.8 दिसला असता.

दुसऱ्याचे शब्द 320, माफी 16 चुकांची. त्याच्या पूर्ण चुका 9 आणि अर्ध्या 8, म्हणजे 13. काहीच कापलं नाही, स्पीड 32.

मग पहिल्याच्या एवढ्या पूर्ण चुका आल्या कुठून? खोदून विचारलं तेव्हा कळलं, घाईत नजर घसरली आणि उताऱ्यातली एक अख्खी ओळ सुटली. बारा शब्दांची ओळ, म्हणजे एका झटक्यात बारा पूर्ण चुका. ती ओळ सुटली नसती तर बाकीच्या 20 चुका माफीतच बसत होत्या.

पोरगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, ओळ सुटली हे मला तिथंच कळलं होतं. पण म्हटलं, स्पीड आहे ना, चालून जाईल."